अकरावीची पहिली एसटी

पहाटे पावणेसहाला मोरणा खोऱ्यातल्या एका वाडीत एसटीचं इंजिन सुरू होतं, तेव्हा अजून नीट उजाडलेलं नसतं. ऑगस्टचा पाऊस आहे. गाडी रात्री इथेच मुक्कामाला होती. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपले होते आणि आता समोरच्या घरातून आलेला चहा घेत आहेत. दारात एक मुलगी दप्तर, छत्री आणि डबा घेऊन उभी आहे. दहावीपर्यंतची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. आजपासून कॉलेज कराडला. वडील म्हणतात, "मोबाईल फुल चार्ज हाय न्हवं?" ती मान हलवते. आई नुसतीच छत्री पुन्हा एकदा उघडून बघते.

ही मुलगी कोणी एक नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीतून दरवर्षी अशा कितीतरी मुली अकरावीला बाहेर पडतात. वाडीतून पाटण, पाटणहून कराड, असा दोन गाड्यांचा प्रवास त्या पहिल्यांदा एकट्याने करतात. त्यातल्या एकीचा पहिला दिवस इथे उभा केला आहे. गाड्यांच्या वेळा गावागणिक वेगळ्या असतील, पण अडचणी त्याच आणि त्याच क्रमाने येतात.

दहा पसंती

कराड का? हा निर्णय जूनमध्ये झाला. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. विद्यार्थ्याने कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालयं पसंतीक्रमाने भरायची. पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं.

तिला विज्ञान शाखा हवी होती आणि त्यात संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय. ज्या कॉलेजात तो मिळेल असं वाटत होतं, ते कराडच्या विद्यानगरात. अर्ज भरताना घरातली चर्चा मात्र गुणांवर फारशी झालीच नाही. ती झाली गाडीवर. सकाळची मुक्कामी गाडी पाटणला किती वाजता पोचते, तिथून कराडची गाडी लगेच मिळते का, आणि संध्याकाळी वाडीला परत जाणारी शेवटची गाडी पाटणहून किती वाजता सुटते. अर्जात दहा कॉलेजांसाठी जागा होती. या तीन वेळा वडिलांनी स्टँडवर जाऊन वहीच्या मागच्या पानावर लिहून आणल्या होत्या.

वाट पाहून कॉलेज निवडण्याचा हा प्रकार खेड्यापुरता नाही. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या निवडींचा अभ्यास केला. जाण्यायेण्याची वाट अधिक सुरक्षित असेल तर मुली दर्जाने बऱ्याच खालचं कॉलेजही पत्करतात, असं त्यात दिसून आलं. मुलग्यांमध्ये हा कल तेवढा नव्हता. दिल्लीत हे घडतं बसमधल्या आणि रस्त्यावरच्या छेडछाडीच्या धास्तीने. पाटण खोऱ्यात त्या धास्तीच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते: गाडी चुकली तर पुढची गाडीच नसते.

पहिलं तिकीट

सहा वाजता गाडी हलते. कंडक्टर दोनदा घंटी ओढतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गाडीत दूधवाले, पाटणच्या बाजाराला निघालेल्या दोन बायका आणि पाच-सहा शाळकरी मुली.

"पास?" कंडक्टर विचारतो.

"अजून काढला न्हाय. आज पहिलाच दिवस हाय, काका."

"मग हाफ घे. कुठं उतरणार?"

"पाटण. तिथून कराडला जायचंय."

तिकिटाचं यंत्र कागदाची चिठ्ठी बाहेर टाकतं. पूर्ण वयाच्या बाईला अर्धं तिकीट मिळतं ते महिला सन्मान योजनेमुळे. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. तिच्या शेजारी बसलेल्या नववीतल्या मुलीला मात्र तिकीटच नाही. तिच्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा पास आहे. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना शाळा-कॉलेजसाठी एसटीचा प्रवास पूर्ण मोफत असतो, तो या पासावर.

म्हणजे हिलाही पास मिळणार आहे, पण त्यासाठी कॉलेजचं बोनाफाइड प्रमाणपत्र लागतं, आणि ते कॉलेजात गेल्याशिवाय मिळत नाही. पहिले काही दिवस अर्ध्या तिकिटावरच काढावे लागतात.

हा फरक घरच्या हिशोबात किती पडतो, ते बघण्यासारखं आहे. एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि टप्पा अर्धा राहिला तरी पूर्ण धरतात. समजा वाडी ते कराड एका बाजूचं पूर्ण तिकीट शंभर रुपये झालं, तर जाऊन-येऊन दोनशे. अर्ध्या तिकिटात दिवसाचे शंभर, आणि महिन्याच्या चोवीस दिवसांचे चोवीसशे. पास हातात आला की हाच आकडा शून्य होतो. बारावीनंतर ती पदवीला गेली की मोफत पास संपतो आणि विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास सुरू होतो. त्यात ६६.६७ टक्के सूट असते, म्हणजे तीन रुपयांतला एक रुपया विद्यार्थ्याने भरायचा. त्या हिशोबाने महिन्याला ढोबळमानाने सोळाशे. बारावी पास झालेल्या मुलीच्या घरात पुढे शिकवायचं की नाही याची चर्चा सुरू होते, तेव्हा हे सोळाशे रुपयेही त्या चर्चेत असतात.

पाटणचा स्टँड

पावणेसातला गाडी पाटणला लागते. मुली शाळेकडे वळतात आणि ती फलाटावर एकटी उरते.

पहिल्या दिवशी चूक होण्याची सगळ्यात मोठी शक्यता इथे असते. पाटण हे वाटेतलं स्थानक आहे. कराड-चिपळूण रस्ता इथूनच जातो आणि पुढे कोयनानगर, कुंभार्ली घाट ओलांडून कोकणात उतरतो. त्यामुळे दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच आवारात येतात. एका गाडीवर 'कराड' दिसतं, पण ती कराडहून आलेली असते आणि कोयनानगरला निघालेली असते. पाटी उलटायची राहिलेली असते. दुसऱ्या गाडीवर 'चिपळूण' असतं आणि खाली बारीक अक्षरात 'मार्गे पाटण'. ती नेमकी कुठल्या बाजूला तोंड करून उभी आहे, यावरून काहीच ठरत नाही, कारण स्टँडात गाडी वळसा घालून लागते.

रोजचे प्रवासी म्हणूनच पाटी वाचून चढत नाहीत. दारात उभं राहून ते मोठ्याने विचारतात, "कराड का?" आणि आतून "व्हय" आलं की पाय उचलतात. तिला विचारायला लाज वाटते. एक गाडी त्या लाजेपायी निघून जाते. दुसरी येते तेव्हा ती चौकशीच्या खिडकीकडे जाते. आत वाहतूक नियंत्रक बसलेले असतात. कुठली गाडी आली, कुठली गेली, कुठली उशिरा आहे याची नोंद त्यांच्याकडे असते.

"कराडला साधी गाडी कुठली लागंल, साहेब?"

"ती बघ, लागतीय आता. कोयनानगर-कराड."

"साधी" हा शब्द तिला आईने पढवून पाठवला होता, आणि तो कामाचा आहे. महिलांची अर्धी सवलत सगळ्या गाड्यांत चालते, पण विद्यार्थ्यांचा पास साध्या गाडीसाठी असतो. पास घेऊन शिवशाहीत चढलेल्या मुलीला तिकीट काढावं लागतं.

खिडकीवर विचारण्याला दुसरंही कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे एका तरुणीवर उभ्या शिवशाही गाडीत अत्याचार झाला. तिची गाडी दुसरीकडे लागली आहे असं सांगून तिला त्या गाडीकडे नेण्यात आलं, असं तक्रारीत म्हटलं आहे. त्यानंतर राज्यभरातल्या स्थानकांच्या सुरक्षेची चर्चा झाली, आणि तिच्या घरातही झाली. त्या चर्चेतून वडिलांनी तिच्यासाठी तीन नियम काढले. गाडी कुठली ते खिडकीवर किंवा खाकी कपड्यातल्या माणसालाच विचारायचं. ज्या गाडीत कंडक्टर आणि इतर प्रवासी नाहीत, तीत चढायचं नाही. काही वेगळं वाटलं तर आधी ११२ लावायचा, घरी फोन नंतर.

उभ्याने कराड

सात वाजून दहा मिनिटांनी गाडी निघते. बसायला जागा नाही. साध्या गाडीत महिलांसाठी काही आसनं राखीव असतात आणि वर तसं लिहिलेलंही असतं. पण नोकरीवर निघालेला एक माणूस तिथे डोळे मिटून बसलेला आहे. त्याला उठवायचं धाडस तिला होत नाही. मल्हारपेठला चढलेली एक बाई ते काम एका वाक्यात करते. "ओ दादा, वाचता येतंय का वर काय लिवलंय?" माणूस उठतो. बाई स्वतः बसते आणि दप्तर मांडीवर ठेवायला मागून घेते. "कितवीला?" "अकरावी." "सायन्स?" "व्हय." "मग ह्याच गाडीला येत जा रोज. मी बी हाय."

रोजच्या गाडीतली ओळख अशी होते, आणि तिचा उपयोग फार असतो. पुढे कधी गाडी बंद पडली, रस्त्यावर पाणी आलं, सुट्टी अचानक जाहीर झाली, तर निरोप सगळ्यात आधी या माणसांकडून येतो.

रस्ता पस्तीस-चाळीस किलोमीटरचा, कोयनेच्या कडेकडेने. नवा रस्ता, मल्हारपेठ, विहे, सुपने अशी गावं जातात. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली, त्यामुळे बाहेरचं नीट दिसत नाही, आणि उतरायचं ठिकाण चुकेल की काय याची तिला सारखी धास्ती. शेवटच्या थांब्याच्या गाडीत खरं तर ती धास्ती नको. पण तिला विद्यानगरला जायचंय आणि गाडी तिथे जात नाही, हे तिला माहीत आहे. पुण्या-बंगळुरूचा महामार्ग लागतो, कोयनेचा पूल येतो, मग कोल्हापूर नाका. अर्धी गाडी इथे रिकामी होते. तीही उठायला लागते तेव्हा शेजारची बाई हात धरून बसवते. "तुझं कालेज कृष्णेच्या पल्याड. स्टँडला उतर."

कराड दोन नद्यांच्या मधे आहे. कोयना आणि कृष्णा इथे समोरासमोर येऊन मिळतात, तो प्रीतिसंगम. पाटणकडून येणाऱ्याला आधी कोयना ओलांडावी लागते, आणि विद्यानगरला जायचं तर गाव पार करून कृष्णाही ओलांडावी लागते. सैदापूरच्या हद्दीतल्या या भागात सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ पासून आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून. आसपासच्या तालुक्यांतली मुलं दोन-तीन पिढ्या इथे येत आहेत. सकाळी आठच्या सुमाराला स्टँडवर उभं राहिलं तर दप्तरं घेतलेली रांग कृष्णा नाक्याकडे चाललेली दिसते. तिने कोणाला काही विचारलं नाही. ती त्या रांगेत शिरली.

खिडकीवरची कागदपत्रं

पहिल्या तासाला ती वीस मिनिटं उशिरा पोचते. दुपारी ऑफिसमध्ये बोनाफाइडचा अर्ज देते. तो भरताना एक चूक हमखास होते. पास ज्या दोन ठिकाणांमध्ये हवा, ती दोन्ही नावं एसटीच्या थांब्यांच्या यादीत असतील तशीच लिहायला हवीत. वाडीचं बोलीतलं नाव लिहिलं आणि थांब्याचं नाव फाट्याच्या नावाने असलं, की पासाच्या खिडकीवरून अर्ज परत येतो आणि आणखी एक खेप वाया जाते. कारकुनाने तिला विचारलं, "तिकिटावर काय नाव येतं?" तिने सकाळची चिठ्ठी दप्तरातून काढली. त्यावर चढण्या-उतरण्याची ठिकाणं छापलेली होती. तीच नावं अर्जात गेली.

शाळा-कॉलेजांनी यादी पाठवली तर एसटीचे कर्मचारी पास तिथेच आणून देतात, अशी मोहीम अलीकडे जूनमध्ये राबवली जाते. ज्यांचे प्रवेश उशिरा होतात त्यांना मात्र फोटो, आधार आणि बोनाफाइड घेऊन आगारातल्या खिडकीवर स्वतः जावं लागतं. तिचे पुढचे चार दिवस अर्ध्या तिकिटावर जाणार, हे तिने मनाशी धरून टाकलं.

संध्याकाळ

जायचा प्रवास कसाही निभतो. परतीचा निभत नाही, कारण त्याला शेवट ठरलेला असतो. वाडीची मुक्कामी गाडी पाटणहून साडेसहाला सुटते. त्यानंतर त्या बाजूला एसटी नाही.

पहिल्या दिवशी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची माहिती द्यायला मुलांना साडेचारपर्यंत थांबवलं. विद्यानगरहून स्टँडला पोचेपर्यंत पाच वाजून गेले. समोरची गाडी खचाखच भरून निघून गेली. पुढची पावणेसहाला सुटली. नेहमीच्या वेगाने ती पाटणला पावणेसातनंतर पोचणार, म्हणजे मुक्कामी गाडी जाऊन पंधरा मिनिटं झालेली असणार.

मग उरतं वडाप. जीपमध्ये माणसं भरली की निघायचं, हा वडापचा नियम, आणि अंधार पडल्यावर वाडीच्या बाजूला माणसं भरत नाहीत. नाहीतर वडिलांनी अठरा किलोमीटर पावसात मोटारसायकल काढायची.

तिने घरी फोन लावला. रेंज नव्हती. विहे गेल्यावर ती कंडक्टरकडे गेली.

"काका, मला पाटणला वाडीची मुक्कामी गाडी धरायचीय. साडेसहाची."

त्यांनी घड्याळ बघितलं, काही बोलले नाहीत. मल्हारपेठला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पाटणच्या नियंत्रकांना फोन केला. "एक कॉलेजची पोरगी हाय माझ्या गाडीत. मुक्कामी जरा धरा." पाटणला गाडी सात वाजायला दहा मिनिटं असताना शिरली. मुक्कामी गाडी फलाटावर उभी होती. तिच्या आत बसलेल्या एका म्हाताऱ्याने नुसतं म्हटलं, "आली का ग? चला आता."

असं होतं, आणि बऱ्याच वेळा होतं. पण तो नियम नाही, माणसाचा चांगुलपणा आहे. नियंत्रक दुसरे असले, गाडीत पुढचे प्रवासी घाईत असले, की गाडी वेळेवर सुटते, आणि वेळेवर सुटणं हेच तिचं काम आहे. आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिकल असेल तर तीन दिवस अशी विनंती चालत नाही.

गाडीच अजिबात नसली तर काय होतं, हे या खोऱ्याने पाहिलं आहे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कोविडमुळे बंद असलेल्या शाळा तेव्हा कुठे उघडत होत्या. ज्यांच्या घरी दुचाकी होती त्यांची मुलं शाळेत गेली. दोन भावंडांत एकाच्याच वडापचे पैसे निघत असतील, तर ते कोणाचे, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवलं.

गाडीची वेळ

दुसऱ्या आठवड्यात पास आला. त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की या मार्गावरून कराडला येणाऱ्या आणखी चौघीजणी संध्याकाळी हीच धावपळ करतात. दोघींनी तर प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडून निघायला सुरुवात केली होती. प्रॅक्टिकलच्या वहीवर सही नसली की वर्षाअखेरीस गुण जातात.

गाडीची वेळ बदलून मागता येते, आणि ती कोणाकडे मागायची हे ठरलेलं आहे. मुक्कामी गाडी ज्या आगाराची असते, त्याच्या आगार व्यवस्थापकाकडे अर्ज जातो. इथे तो पाटण आगाराकडे आणि वर सातारा विभाग नियंत्रकांकडे. २०२४ पासून एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला आहे. त्या दिवशी विभागाचे अधिकारी आगारात येऊन लेखी तक्रारी आणि सूचना घेतात.

अर्जात काय असावं, हे मुलींना कॉलेजातल्या एका शिक्षिकेने सांगितलं. 'गाडीची गैरसोय होते' एवढं लिहून उपयोग नसतो. किती विद्यार्थिनी, कुठल्या थांब्यावरून, कॉलेज सुटण्याची वेळ काय, कराडहून निघालेली गाडी पाटणला किती वाजता पोचते, आणि मुक्कामी गाडी किती मिनिटं उशिरा सोडली तर सगळ्या बसतात, हे आकड्यांत लिहावं. सोबत कॉलेजचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. गाडीच्या फेरीची वेळ बदलली की ड्रायव्हर-कंडक्टरच्या कामाचे तास बदलतात. मुक्कामी गाडीचं हे सोपं पडतं, कारण तिला त्या रात्री वाडीतच थांबायचं असतं, पुढची फेरी नसते.

मुलींनी पाच नावं लिहिली आणि वेळ मागितली सात वाजताची. खाली वाडीतल्या दूधवाल्यांनी आणि पाटणला कामाला जाणाऱ्या बायकांनीही सह्या केल्या, कारण त्यांनाही ती वेळ सोयीची होती. अर्ज गुरुवारी आगारात दिला. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली त्याची प्रत तिच्या पासाच्या पाकिटात आहे, आणि निर्णय येईपर्यंत प्रॅक्टिकलच्या दिवशी दुपारच्या सुट्टीतच ती पाटणच्या चौकशी खिडकीला फोन लावून आज गाडी किती वाजता सुटणार, हे विचारून ठेवते.